ठेव रुपयांत ठेवावी की डॉलरमध्ये?

आखातात नोकरी करणारा आपला माणूस सुट्टीवर गावी आला आणि बँकेत गेला की पहिला प्रश्न व्याजाचाच विचारतो. रुपयांतल्या एनआरई मुदत ठेवीवर सात टक्के आणि डॉलरमधल्या एफसीएनआर ठेवीवर साडेचार टक्के असं ऐकलं की निर्णय तिथल्या तिथे होतो. सात मोठे की साडेचार, यात विचार करण्यासारखं काही वाटत नाही. पण हे दोन आकडे दोन वेगळ्या चलनांतले आहेत आणि ते थेट एकमेकांशेजारी ठेवता येत नाहीत. सात टक्के रुपये मिळणार आहेत, साडेचार टक्के डॉलर मिळणार आहेत, आणि तीन वर्षांनी एका डॉलरला किती रुपये पडतील हे आज कोणालाच ठाऊक नसतं.

आधी या खात्यांची ओळख करून घेऊ. एनआरई हे अनिवासी भारतीयाचं रुपयांतलं खातं. परदेशातून आलेले दिरहॅम, रियाल किंवा डॉलर बँक त्या दिवशीच्या दराने रुपयांत बदलते आणि खात्यावर जमा करते. ते बचत खातंही असू शकतं आणि मुदत ठेवही. एफसीएनआर ही फक्त मुदत ठेव असते, कमीत कमी एक वर्षाची आणि जास्तीत जास्त पाच वर्षांची. तिच्यात पैसे रुपयांत बदललेच जात नाहीत. डॉलर ठेवले तर हिशेब डॉलरमध्ये, व्याज डॉलरमध्ये आणि मुदत संपल्यावर मिळतात तेही डॉलरच. पौंड, युरो अशा इतर मोठ्या चलनांतही ती काढता येते. तिसरं एनआरओ. गावच्या घराचं भाडं, शेतीचं उत्पन्न, वडिलोपार्जित जमिनीच्या विक्रीचे पैसे असं भारतातच निर्माण झालेलं धन या खात्यात जमा होतं. त्याच्याकडे शेवटी वळू, कारण पैसे परत नेताना सगळा गुंता तिथेच होतो.

एनआरईचं व्याज जास्त का, याचं कारण बँकेच्या औदार्यात नाही. डिसेंबर २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेने एनआरई ठेवींचे व्याजदर मोकळे केले आणि बँका देशातल्या ठेवींच्या बरोबरीने दर देऊ लागल्या. भारतात महागाई अमेरिकेपेक्षा साधारणपणे जास्त असते, म्हणून इथले व्याजदरही जास्त असतात. एफसीएनआरवरचा दर त्या त्या चलनाच्या आंतरराष्ट्रीय दराशी बांधलेला असतो आणि त्यावर बँकेने किती जास्त द्यावं याची कमाल मर्यादा रिझर्व्ह बँक ठरवते. ज्या चलनात महागाई जास्त त्यात व्याज जास्त, आणि तेच चलन दीर्घकाळात घसरतंही. म्हणजे जादा व्याजाचा काही भाग ही घसरणीची आगाऊ भरपाई असते. प्रत्यक्षातली घसरण या भरपाईपेक्षा कमी होते की जास्त, यावर ठेवीचा नफा-तोटा ठरतो.

एक हिशेब पूर्ण करून पाहू. दापोलीकडचा एक माणूस दुबईत वातानुकूलन यंत्रणेच्या कामावर सुपरवायझर आहे असं समजा. त्याच्याकडे ७३,४५० दिरहॅम साठले आहेत. एका डॉलरला ३.६७२५ दिरहॅम हा दर १९९७ पासून पक्का बांधलेला असल्यामुळे त्याचे बरोबर २०,००० डॉलर होतात. बाजारात डॉलर ८५ रुपयांना आहे असं धरू. बँक मात्र त्याच्याकडून डॉलर घेताना ८४ रुपये ५० पैसे देते आणि त्याला डॉलर विकताना ८५ रुपये ५० पैसे घेते. खरेदी-विक्रीतला हा एक रुपयाचा फरक ही बँकेची कमाई, आणि तो या हिशेबात आपण समजतो त्यापेक्षा मोठं काम करतो. दर उदाहरणापुरते घेतले आहेत, पण रीत तीच.

त्याने एनआरई ठेव केली तर २०,००० डॉलरचे १६ लाख ९० हजार रुपये होतील. सात टक्क्यांनी, दर तिमाहीला चक्रवाढ धरून, तीन वर्षांनी ते साधारण २० लाख ८१ हजार होतात. एफसीएनआर केली तर साडेचार टक्क्यांनी, १८० दिवसांनी एकदा चक्रवाढ धरून, २०,००० डॉलरचे तीन वर्षांनी साधारण २२,८९९ डॉलर होतात. या ठेवीत व्याजाचं वर्ष ३६० दिवसांचं धरलं जातं, त्यामुळे साडेचार टक्के प्रत्यक्षात किंचित जास्तच पडतात.

आता वीस लाख ८१ हजारांना २२,८९९ ने भागा. उत्तर ९० रुपये ८८ पैसे येतं. ही दोन्ही ठेवींची बरोबरीची रेषा. तीन वर्षांनी बँकेचा दर याच्या अलीकडे राहिला तर एनआरई सरस, पलीकडे गेला तर एफसीएनआर सरस. बँकेत सही करण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या रकमेसाठी हा एक भागाकार करावा असं मला मनापासून वाटतं. त्याला मोबाइलमधल्या साध्या कॅल्क्युलेटरपेक्षा जास्त काही लागत नाही.

पण कोणता दर? इथे माणसाचा हेतू आत येतो. त्याला तीन वर्षांनी पैसे पुन्हा दुबईला न्यायचे असतील, तर तो बँकेकडून डॉलर विकत घेणार. बँकेचा विक्रीचा दर ९०.८८ म्हणजे बाजारात डॉलर साधारण ९०.३८ ला. ८५ वरून तिथे पोहोचायला रुपया वर्षाला दोन टक्क्यांच्या आसपास घसरला तरी पुरे. त्याला मात्र तीन वर्षांनी दापोलीत घर बांधायचं असेल, तर एफसीएनआरचे डॉलर तो बँकेला विकणार. बँकेचा खरेदीचा दर ९०.८८ म्हणजे बाजारात डॉलर ९१.३८ ला. म्हणजे घसरण वर्षाला जवळजवळ अडीच टक्के व्हायला हवी. दोन्ही ठेवींच्या व्याजातलं अंतर अडीच टक्क्यांचं दिसत होतं, पण डॉलर परत न्यायचे असणाऱ्याच्या हाती त्यातले दोनच्या आसपास उरतात. बाकीचं अंतर खरेदी-विक्रीच्या फरकात जातं. मुदत तीन वर्षांची असल्यामुळे हा फरक तीन वर्षांत विभागला गेला. एका वर्षाच्या ठेवीवर तो पूर्ण एकाच वर्षावर पडतो, आणि मग पैसे परत न्यायचे असतील तर एनआरईचा जवळजवळ निम्मा फायदा तिथेच संपतो.

रेषेच्या दोन्ही बाजूंना काय होतं तेही पाहू. तीन वर्षांनी बाजारात डॉलर ८७ ला राहिला, तर एनआरईतले रुपये डॉलरमध्ये बदलून साधारण २३,७८० डॉलर हाती येतात, एफसीएनआरपेक्षा पावणेनऊशेच्या वर जास्त. डॉलर ९५ ला गेला, तर २१,७९० च्या आसपास, म्हणजे एफसीएनआरपेक्षा अकराशे डॉलर कमी. आणि बँकेचा विक्री दर १०४ च्या वर गेला, तर तीन वर्षांचं सात टक्के व्याज मिळूनही मूळ वीस हजार डॉलर पूर्ण परत येत नाहीत. रुपयांत ठेव वाढलेली दिसते आणि डॉलरमध्ये ती आटलेली असते.

असं खरंच होतं का? जुलै २०११ मध्ये डॉलर ४४-४५ रुपयांच्या घरात होता. २८ ऑगस्ट २०१३ रोजी तो ६८ च्या वर गेला. दोन वर्षांत रुपयाचं मूल्य डॉलरमध्ये एक तृतीयांशाने घटलं. व्याजदर मोकळे होण्याआधी ज्यांनी एनआरई ठेव केली होती त्यांना कोणत्याही व्याजाने ही झीज भरून देणं शक्य नव्हतं. याउलट डिसेंबर २०११ मध्ये दर मोकळे झाल्यावर बँका नऊ टक्क्यांच्या वर देऊ लागल्या, तेव्हा डॉलर ५३ च्या आसपास होता. तीन वर्षांनी तो ६३ च्या आसपास होता. एवढी घसरण होऊनही या ठेवीदारांना एनआरईत एफसीएनआरपेक्षा चांगलं मिळालं, कारण व्याजातलं अंतर मोठं होतं. त्याआधी २००७ मध्ये तर रुपया वधारला होता. डॉलर ४४ वरून ४० च्या खाली आला आणि रुपयांत ठेवणाऱ्याला व्याजाखेरीज दराचाही लाभ झाला.

या इतिहासातून मी एवढंच घेतो की रुपया दरवर्षी थोडाथोडा घसरत नाही. तो बराच काळ जवळजवळ स्थिर राहतो आणि मग काही महिन्यांत एकदम घसरतो. २०२५ च्या डिसेंबरात डॉलरने ९० ओलांडला, त्याआधी २०२३ मध्ये जवळजवळ वर्षभर तो ८३ च्या आगेमागेच होता. म्हणून सरासरी घसरण पाहून घेतलेला निर्णय दहा वर्षांसाठी बरोबर ठरू शकतो आणि दोन वर्षांसाठी चुकू शकतो. ज्या महिन्यात पैसे लागणार आहेत तो महिना ठरलेला असेल, मुलाच्या परदेशातल्या फीचा किंवा तिथल्या घराच्या हप्त्याचा, तर सरासरी त्याच्या कामाची नाही.

हा विनिमयाचा धोका कोणीतरी सोसतोच, तो नाहीसा होत नाही. १९७५ मध्ये परकीय चलनातल्या ठेवी सुरू झाल्या तेव्हा तो रिझर्व्ह बँकेने आपल्या डोक्यावर घेतला होता. १९९१ च्या संकटात ठेवीदारांनी पैसे काढायला सुरुवात केली, त्या जुलैत रुपयाचं अवमूल्यन झालं, आणि जुन्या दराने घेतलेल्या डॉलरची नव्या दराने परतफेड करताना प्रचंड तोटा सोसावा लागला. १९९३ मध्ये आजची योजना आली, एफसीएनआर(बी), आणि जुनी १९९४ मध्ये बंद झाली. नव्या योजनेत हा धोका बँकेचा असतो. एनआरईत तो पहिल्यापासून ठेवीदाराचा आहे. २०१३ च्या घसरणीनंतर रिझर्व्ह बँकेने पुन्हा हात दिला. बँकांनी आणलेले एफसीएनआर डॉलर वर्षाला साडेतीन टक्के ठरावीक खर्चात बदलून देण्याची सोय सप्टेंबर ते नोव्हेंबर अशी ठेवली आणि या एका वाटेने सुमारे २६ अब्ज डॉलर आले.

एनआरईवाल्यालाही विमा उतरवल्यासारखं काही करता येतं. आपल्या शिल्लकीवर तो बँकेकडून पुढच्या तारखेचा डॉलरचा दर आजच बांधून घेऊ शकतो, बँकेच्या भाषेत फॉरवर्ड. पण पुढच्या तारखेचा दर आजच्यापेक्षा महाग असतो आणि ती महागाई दोन चलनांच्या व्याजातल्या अंतराएवढीच साधारण असते. त्यामुळे दर बांधला की एनआरईचं जादा व्याज जवळजवळ सगळं निघून जातं आणि माणूस एफसीएनआरच्या परताव्याजवळ येऊन थांबतो. एनआरईचं जादा व्याज हे धोका पत्करल्याचं मोल आहे, हे याहून स्पष्ट कुठे दिसत नाही.

म्हणून माझं मत असं. पैसे शेवटी कुठे खर्च होणार, ते चलन आधी ठरवावं. गावचं घर, आईवडिलांचं औषधपाणी, बहिणीचं लग्न, निवृत्तीनंतर कोकणातलं राहणं हे सगळं रुपयांत होणार. त्यासाठी एनआरई योग्य, कारण रुपयांत लागणारी रक्कम रुपयांतच वाढते आणि दर वर गेला काय, खाली आला काय, अंदाजपत्रक हलत नाही. जे दिरहॅममध्ये किंवा डॉलरमध्ये लागणार, ते डॉलरमध्येच ठेवावं. आखातातल्या लोकांना इथे एक सोय आहे. दिरहॅमप्रमाणे सौदी, कतार, ओमान आणि बहारीनची चलनंही डॉलरशी बांधलेली आहेत, म्हणून त्यांच्यासाठी डॉलरची एफसीएनआर ही व्यवहारात स्वतःच्या पगाराच्या चलनातली ठेव ठरते. कुवेतचा दिनार मात्र अनेक चलनांच्या गटाशी बांधलेला असल्यामुळे थोडा हलतो. लंडनमध्ये राहणाऱ्याने डॉलरवर अर्धा टक्का जास्त मिळतो म्हणून पौंड सोडून डॉलरची ठेव करू नये, त्याने एक नवाच धोका घरात आणलेला असतो. जे पैसे कुठे लागतील हे ठरलेलंच नाही, ते दोन्हीकडे वाटून ठेवावेत.

आता करांचं. भारतात अनिवासीला एनआरई आणि एफसीएनआर दोन्हींचं व्याज करमुक्त आहे. अमिरातीत पगारावर किंवा वैयक्तिक व्याजावर कर नाही, म्हणून दुबईवाल्याला सातचे सातच मिळतात. अमेरिकेत राहणाऱ्याला तसं नाही. तिथला करदाता जगभरच्या उत्पन्नावर कर देतो, त्यामुळे एनआरईचं व्याज तिथे दाखवावंच लागतं, आणि परदेशी खात्यांची एकूण शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर तिची वेगळी माहितीही द्यावी लागते. आपल्याकडे करमुक्त आहे म्हणजे तिथेही करमुक्त असा समज न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंत अनेकांचा असतो, आणि तो महाग पडतो.

पैसे परत नेण्याची सोय दोन्ही ठेवींत सारखीच चांगली आहे. मुद्दल आणि व्याज, कितीही रक्कम, रिझर्व्ह बँकेच्या वेगळ्या परवानगीशिवाय बाहेर जातं. फरक एवढाच की एनआरईतून नेताना रुपयांचे पुन्हा डॉलर करावे लागतात, त्यावर बँकेचा विक्री दर आणि रूपांतरावरचा जीएसटी लागतो. एफसीएनआरमध्ये डॉलर असतातच, फक्त पाठवण्याचं शुल्क पडतं. मुदतीआधी मोडायची पाळी आली तर मात्र दोन्ही कठोर आहेत. वर्षाच्या आत मोडली तर व्याज शून्य. वर्षानंतर एफसीएनआर मोडली तर दर बांधण्यासाठी बँकेला आलेला खर्चही ती दंडात वसूल करू शकते. म्हणून मोठी रक्कम एकाच पाच वर्षांच्या ठेवीत न घालता एक, दोन, तीन वर्षांच्या तुकड्यांत घालणं शहाणपणाचं.

एक चूक मी वारंवार पाहिली आहे. एफसीएनआर करायची असते, पण माणूस सवयीप्रमाणे एक्स्चेंज हाउसमधून पैसे पाठवतो. तिथून ते रुपये होऊनच येतात आणि एनआरई बचत खात्यात पडतात. मग बँक त्या रुपयांचे पुन्हा डॉलर करून ठेव काढते. आधी दिरहॅमचे रुपये, मग रुपयांचे डॉलर, दोन्ही वेळा फरक खिशातून गेला. वरच्या उदाहरणात तो वीस हजार डॉलरवर दोनशेच्या वर जातो, जवळजवळ तीन महिन्यांचं व्याज. एफसीएनआरसाठी परदेशातल्या बँकेतून थेट डॉलरच पाठवावेत आणि ठेव कोणत्या चलनात काढायची ते आधी लेखी कळवावं.

खरी अडचण एनआरओची. परदेशी गेल्यावरही गावचं जुनं बचत खातं तसंच चालू ठेवून त्यात पगार पाठवणारे कमी नाहीत. नियमाप्रमाणे ते खातं एनआरओ करून घ्यावं लागतं, आणि एकदा पैसे त्यात पडले की त्यांची मोकळी वाट बंद होते. एनआरओमधली शिल्लक आर्थिक वर्षात दहा लाख डॉलरपर्यंतच बाहेर नेता येते किंवा एनआरईत वळवता येते. दुबईच्या सुपरवायझरला ती मर्यादा कधी आड येणार नाही. आड येतात ते कागद. पैसा कुठून आला याचा पुरावा, त्यावरचा कर भरला याचं सनदी लेखापालाचं प्रमाणपत्र, आयकर खात्याकडचा ऑनलाइन अर्ज, आणि मग बँकेची छाननी. शिवाय एनआरओच्या व्याजातून बँक तीस टक्के आणि वर उपकर कापून घेते. अमिरातीतल्या रहिवाशाला तिथलं कर-रहिवास प्रमाणपत्र दाखवून दोन देशांतल्या कराराप्रमाणे तो साडेबारा टक्क्यांवर आणता येतो, पण ते प्रमाणपत्र मागवायचं असतं हेच पुष्कळांना ठाऊक नसतं. घामाच्या दिरहॅमवरचं व्याज केवळ ते चुकीच्या खात्यात गेल्यामुळे करपात्र होतं, हे पाहून वाईट वाटतं.

सुरक्षिततेबद्दल एकच. ठेव विम्याचं संरक्षण एका बँकेत एका माणसाला मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाख रुपयांपर्यंतचं आहे. ते रुपयांत मिळतं, ठेव डॉलरमध्ये असली तरी. म्हणून पाव टक्का जास्त देणारी बँक निवडण्याआधी ती बँक कोणती हे पाहावं.

आणि कायमचं परत येणाऱ्यांसाठी. नोकरी संपवून मुक्कामाला गावी आलेला माणूस परकीय चलन कायद्याने निवासी होतो. त्याने बँकेला कळवायला हवं, आणि मग एनआरई खातं निवासी खात्यात बदलतं. त्या दिवसापासून त्याचं व्याज करपात्र होतं. एफसीएनआरचं तसं नाही. ठेव आधीच काढलेली असेल तर ती ठरलेल्या व्याजाने मुदतीपर्यंत चालू राहते. बरीच वर्षं परदेशात काढून आलेल्याला आयकर कायदा साधारण दोन-तीन वर्षं पूर्ण निवासी मानत नाही, आणि तोवर तिचं व्याजही करमुक्त राहतं. मुदत संपली की डॉलर आरएफसी खात्यात ठेवता येतात आणि तिथून लागतील तेव्हा पुन्हा बाहेरही पाठवता येतात. त्यामुळे परतण्याची तारीख ठरली असेल, तर विमानाचं तिकीट काढण्याआधीच शिलकीचा काही भाग तीन वर्षांच्या डॉलर ठेवीत टाकावा. इथे येऊन निवासी झाल्यावर ती ठेव नव्याने काढता येत नाही.